डाएट संपवलं, २०० कॅलरी वाढवल्या, पाच दिवसांत १.३ किलो चढलं. रिव्हर्स डाएट चुकतंय का?

वजनदार_माणूस
नमस्कार. सात महिन्यांत ८६ वरून ७४ वर आलोय. उंची १७४ सेंमी, वय ३८, आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलतो. शेवटचा महिनाभर रोज सरासरी १७५० कॅलरी खात होतो. पोटाचा घेर हवा तिथे आला म्हणून गेल्या शनिवारपासून रिव्हर्स डाएट सुरू केलं. पहिली पायरी १९५०. वाढीव २०० जवळजवळ सगळ्या कार्ब्जमधून, म्हणजे दुपारच्या भातात आणि व्यायामानंतरच्या खाण्यात. शनिवारी सरासरी ७४.१ होती, आज गुरुवारी काटा ७५.४ दाखवतोय.

अॅपच्या हिशेबाने माझा मेंटेनन्स, म्हणजे वजन स्थिर राहील एवढं रोजचं खाणं, २५५० आहे. म्हणजे १९५० वर मी अजून ६०० ने खाली, आणि तरी वजन वाढतंय! मेटाबॉलिझम बसलाय असं समजायचं का? उद्यापासून परत १७५० वर जावं असं मनात आहे. जाणकारांनी सांगावं.

पहाटपक्षी
रिव्हर्स डाएट उत्तम! रात्रीचं जेवण सकाळी आणि सकाळचं हलकं खाणं रात्री. वजन वाढलं म्हणजे तुम्ही संध्याकाळी उशिरा जेवत असणार. सातच्या आत जेवून बघा.

टेपवाली
पहाटपक्षी, ते रिव्हर्स वेगळं. इथे जेवणांची अदलाबदल नाही, डाएट संपल्यावर कॅलरी पायरीपायरीने वर नेण्याबद्दल चाललंय.

पहाटपक्षी
असं होय. मग वाचतो नुसतं.

लोखंडप्रेमी
भाऊ, २०० ही उडी मोठी झाली. सात महिने डेफिसिटमध्ये राहिलं की मेटाबॉलिझम मंदावतो. त्याला हळूहळू जागं करावं लागतं. आठवड्याला फक्त ५० कॅलरी वाढव. मी याच पद्धतीने पाच महिन्यांत १८०० वरून २८०० वर गेलो आणि चरबी वाढली नाही. एकदम खाल्लंस तर शरीर सगळं साठवतं.

काटेकोर
वजनदार_माणूस, १७५० वर जाऊ नका. आधी हिशेब करू.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी धरतात. १.३ किलो चरबी चढायची तर पाच दिवसांत दहा हजार कॅलरी गरजेपेक्षा जास्त जायला हव्यात, म्हणजे रोज दोन हजार वरती. तुम्ही पाच दिवसांत मिळून वाढवल्यात हजार. तेव्हा ही चरबी नाही, एवढं तरी आकडेमोडीनेच मिटतं.

मग काय आहे? बरंचसं पाणी. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा डाएटमध्ये अर्धवट रिकामा असतो. कार्ब्ज वाढवले की तो भरायला लागतो आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तुमचे रोज ५० ग्रॅम कार्ब्ज वाढले. पाच दिवसांत त्यातले दीड-दोनशे ग्रॅम जरी साठले तरी पाण्यासकट ६०० ते ८०० ग्रॅम तिथेच झाले. उरलेलं वाढलेल्या मिठाचं पाणी आणि आतड्यात सध्या असलेलं जास्तीचं अन्न. ही वाढ एकदाच होते आणि मग थांबते. तिची ओळखही तीच: पहिल्या सात ते दहा दिवसांत चढते, पुढे सपाट होते, आणि कमरेचा टेप हलत नाही. चरबीची वाढ याच्या उलट वागते. पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही, मग दर आठवड्याला थोडी थोडी भर पडत राहते आणि टेपही सरकतो.

आता मला दोन गोष्टी हव्यात. शेवटच्या चार आठवड्यांच्या वजनाच्या सरासऱ्या, आणि रोजच्या स्टेप्स, डाएटच्या सुरुवातीच्या आणि आताच्या.

वजनदार_माणूस
सरासऱ्या: ७५.२, ७४.८, ७४.५, ७४.१. स्टेप्स सुरुवातीला ९००० व्हायच्या. आता बघितलं तर ६५०० च्या आसपास. कमी झाल्यात हे खरंच लक्षात आलं नव्हतं.

काटेकोर
उत्तर यातच आहे. तीन आठवड्यांत १.१ किलो गेलं, म्हणजे आठवड्याला ०.३७. त्याला ७७०० ने गुणून ७ ने भागा, रोजची तूट ४०० च्या आसपास येते. तुम्ही खात होतात १७५०. म्हणजे तुमचा आजचा मेंटेनन्स २१५०.

अॅप २५५० सांगतं कारण तुम्ही त्यात ‘मध्यम सक्रिय’ निवडलंय. त्याने तुमचा मूळ खर्च १६५० च्या आसपास काढला आणि १.५५ ने गुणला. तुमच्या अडीच हजार स्टेप्स गळाल्या हे त्याला कुठून कळणार? त्याच साधारण शंभर कॅलरी होतात. अॅपवर विश्वास ठेवून तुम्ही सरळ २५५० वर गेला असतात तर रोज ४०० जास्त, महिन्याला दीड किलो चरबी. डाएटनंतर ‘मेंटेनन्सवर खाऊनही वजन वाढतंय’ अशी तक्रार येते ना, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हा उसना आकडा असतो. मेंटेनन्स आपल्याच नोंदींतून काढायचा. सूत्र फक्त डाएटच्या पहिल्या दिवशी कामाचं, तेव्हा हातात दुसरं काही नसतं म्हणून.

अजून एक गंमत. १९५० म्हणजे तुम्ही अजूनही २०० ने खाली आहात. या पाच दिवसांत काटा १.३ किलोने वर गेला आणि चरबी मात्र शंभर-सव्वाशे ग्रॅमने कमीच झाली.

लोखंडप्रेमी
हिशेब ठीक, पण मेटाबॉलिझम मंदावतो हे तर मान्य आहे ना? अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या वजन घटवायच्या स्पर्धेतल्या लोकांचा अभ्यास झाला होता. सहा वर्षांनंतरही त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा ५०० ने कमी निघाला. तो हळूहळूच दुरुस्त करावा लागतो, माझा मुद्दा एवढाच आहे.

काटेकोर
मंदावतो, मान्य. तो अभ्यास २०१६ मध्ये आला, १४ जणांवरचा. पण ते लोक तीस आठवड्यांत प्रचंड व्यायाम आणि प्रचंड तूट यातून गेलेले. सर्वसाधारण डाएटनंतर वजन चार आठवडे स्थिर ठेवून मग मोजलं तर ही जास्तीची घट बरीच लहान दिसते. थोडक्यात, जी दुरुस्ती तुम्ही म्हणताय ती तूट संपल्यामुळे होते. पायऱ्या किती बारीक होत्या यामुळे नाही.

आणि ५० च्या पायऱ्यांचं गणित करून बघा. १७५० वरून २१५० ला पोचायला आठ आठवडे. पहिल्या आठवड्यात ३५० ची तूट, मग ३००, २५०, असं करत शून्य. सगळी बेरीज ९८०० कॅलरी, म्हणजे अजून सव्वा किलो चरबी गेली. ‘खाणं वाढवलं तरी वजन उतरलं’ हा जो रिव्हर्सचा चमत्कार सांगतात तो हाच. ते डाएटचंच शेपूट आहे, फक्त नाव बदललेलं. माणूस आधीच सात महिने भुकेला आहे, त्याला आणखी दोन महिने भुकेला ठेवायचं कशासाठी?

शिवाय ५० कॅलरी मोजणार कशा? एक चमचा तेल ४० चं. चमचा सपाट की काठोकाठ, यातच तुमची पायरी वाहून जाते.

लोखंडप्रेमी
मग माझे २८०० कुठून आले? मी तर रोज तोलून खातो.

काटेकोर
तुमचा आकडा खोटा आहे असं म्हणत नाही. १९९९ मध्ये सोळा जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या होत्या. कुणाची चरबी ०.३६ किलो वाढली, कुणाची ४.२३ किलो. फरक कशात पडला? उठबस, चुळबूळ, येणंजाणं, उभं राहणं, असल्या नकळत हालचालींत. एकाचा हा खर्च रोज जवळजवळ ७०० ने वाढला, एकाचा शंभराने कमीच झाला. तुम्ही पहिल्या गटातले असणार. पाच महिन्यांत तुमचं उचलायचं वजन आणि चालणंही वाढलं असेल. पण तुम्हाला चाललं ते हळू चढल्यामुळे, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि दुसऱ्या गटातल्या माणसाने २८०० चं ध्येय धरलं तर तो परत ८६ वर पोचेल.

लोखंडप्रेमी
उचलणं वाढलं हे खरं. बाकी पटलं नाही पूर्ण. हळू चढल्याने डोकं ठिकाणावर राहतं, एकदम मोकळीक दिली की माणूस सुटतो. हे तुमच्या गणितात येत नाही.

टेपवाली
या मुद्द्यावर मी लोखंडप्रेमींच्या बाजूने. ‘उद्यापासून ४०० जास्त’ म्हटलं की त्या ४०० ला आकार राहत नाही. पण त्यावर उपाय ५० च्या पायऱ्या नाही. वाढ कुठे घालायची ते आधी ठरवून ठेवा.

नवा पदार्थ, नवी खाण्याची वेळ आणू नका. आहेत त्याच जेवणांतले वाटे मोठे करा. डाएटमध्ये नव्हता तो मूठभर सुकामेवा मेंटेनन्समध्ये आला की तो मूठभर राहत नाही, कारण पोट भरल्याचं त्यातून कळत नाही. भाज्या आणि प्रथिनं जिथे होती तिथेच ठेवा. ७४ किलोला प्रथिनं १२० ग्रॅमच्या आसपास पुरेत. १७५० वरून २१५० ला जायचं तर दोन जेवणांत मिळून तांदूळ ७० ग्रॅम जास्त, म्हणजे अडीचशे कॅलरी, आणि दिवसभरात तीन-चार चमचे तेल किंवा त्याच्या बरोबरीचं काही. झाले चारशे.

आणि तांदूळ कच्चा तोलायचा तर कायम कच्चाच. शंभर ग्रॅम कच्चा साडेतीनशेचा, शंभर ग्रॅम शिजलेला एकशेतीसचा. डाएट संपलं की नोंदीत सगळ्यात आधी हीच सरमिसळ होते. एक दिवस कच्चा तोलतात, दुसऱ्या दिवशी ताटातला, आणि अॅपमध्ये जी नोंद वर दिसेल ती टिचकवतात.

वजनदार_माणूस
टेपवाली, नेमका तांदळाचा घोळ मी घालत होतो. शनिवारपासून शिजलेला तोलून कच्च्याच्या नोंदीत टाकतोय. म्हणजे खरं खाणं १९५० पेक्षाही कमीच झालं असणार.

टेपवाली
हो, आणि उलटा घोळ झाला असता तर दोन महिन्यांनी धागा काढला असतात, ‘काहीच खात नाही तरी वाढतंय’ म्हणून.

सावली२
माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. वजन ५४, उंची १६०. पाच महिन्यांत ६३ वरून आले. १३०० खाते आणि आठवड्यातले सहा दिवस पळते. चार महिने पाळी आलेली नाही, हातपाय सतत गार असतात. मी दर आठवड्याला ५० वाढवायचं ठरवलंय म्हणजे वजन वाढणार नाही. बरोबर आहे ना?

काटेकोर
नाही. तुमच्या बाबतीत हळू जाणं चूकच ठरेल.

धरा, ५४ पैकी ४३ किलो चरबीखेरीजचं शरीर आहे. पळण्यात रोज ३०० जात असतील तर बाकी सगळ्या शरीरासाठी उरल्या १०००. त्याला ४३ ने भागलं की किलोमागे २३ येतात. किलोमागे ३० च्या खाली बराच काळ राहिलं की शरीर पाळीसारखी कामं बंद करायला लागतं. ही रेषा सगळ्यांना सारखी लागू होत नाही, पण तुमची लक्षणं आकड्याशी जुळताहेत. ३० ला पोचायलाच रोज ३०० जास्त लागतील. ५० च्या पायऱ्यांनी तिथे पोचायला दीड महिना, आणि ३० म्हणजे काही मुक्काम नाही, तो तळ आहे.

आधी डॉक्टरांकडे जा, शक्यतो स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे तपासल्याशिवाय ‘डाएटमुळेच’ असं धरून बसू नका. पाळी बंद असताना हाडांची झीज होते, म्हणून हे लांबवायचं नाही. दरम्यान पळणं तीन दिवसांवर आणा आणि खाणं आठवड्याभरात मेंटेनन्सपर्यंत न्या. वजन वाढेल. एक-दोन किलो पाण्याचं आणि कदाचित काही खरंही. तुमच्या बाबतीत ते वाढायलाच हवं असण्याची शक्यता आहे.

सावली२
वजन वाढेल हे वाचूनच धडधडायला लागलं.

टेपवाली
ते धडधडणंही डॉक्टरांना सांगा. हे लाजायचं काम नाही. आणि काटा काही दिवस दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या.

वजनदार_माणूस
मी उद्यापासून २१५० करतोय. पण मग वजन किती धरायचं? ७४.१ वर टिकवायचं की ७५.४ वर?

काटेकोर
७४.१ विसरा. तो रिकाम्या टाकीचा आकडा होता. २१५० वर तीन आठवडे काढा आणि तिसऱ्या आठवड्याची सरासरी ही तुमची शून्य रेषा धरा. डाएटमधला सगळ्यात खालचा आकडा मेंटेनन्सचा मानला की माणूस दर पंधरा दिवसांनी नव्याने डाएट सुरू करतो. आठवडाभर कमी खायचं, पाणी उतरलं की खूश व्हायचं, शनिवारी सुटायचं. वर्षभराने वजन तीन किलो वर असतं आणि माणूस म्हणतो, मी तर कायम डाएटवरच होतो.

रेषा ठरली की पट्टे आखा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात वजन उतरवलेल्या ३१४ जणांना घेतलं होतं. काहींना रोज वजन करायला आणि रंगांचे पट्टे सांभाळायला शिकवलं. सुरुवातीच्या वजनापेक्षा वाढ १.४ किलोच्या आत तोवर हिरवा, त्यापुढे पिवळा, २.३ किलो आणि वर लाल. अठरा महिन्यांत २.३ किंवा जास्त वजन परत आलेले लोक नुसती पत्रकं मिळालेल्या गटात ७२ टक्के होते, समोरासमोर बैठका झालेल्या गटात ४६ टक्के. खूप मोठं यश नाही, निम्म्यांचं जवळजवळ तिथेही आलंच, पण फरक आहे.

तुमच्यासाठी: आठवड्याची सरासरी रेषेपासून १.४ च्या आत असेल तर काहीही करायचं नाही. सलग दोन आठवडे त्याच्या वर असेल आणि टेपही सरकला असेल, तर तीन आठवडे रोज ३०० कमी. त्यात पाऊण किलो चरबी उतरते, तेवढं पुरतं. २.३ गाठलं तर आधी नोंदी तपासा, शनिवार-रविवारच्या तर नक्कीच.

टेपवाली
रोज वजन सगळ्यांना मानवत नाही, वर सावली२ यांचंच बघा. काट्यावरून ज्यांचा दिवस ठरतो त्यांनी आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत टेप लावावा, सकाळी, श्वास सोडून, तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. दोन सेंमी वाढला आणि दोन आठवडे टिकला की पिवळा.

काटेकोर
चालेल. टेपला उशिरा कळतं एवढंच माझं म्हणणं.

टेपवाली
आणि काट्याला नको तेही लवकर कळतं.

लोखंडप्रेमी
शनिवार-रविवारचं काय करायचं? पाच दिवस शिस्त आणि दोन दिवस बाहेर, हे बहुतेकांचं असतं.

काटेकोर
मग ते हिशेबातच घ्या. आठवड्याचे झाले १५,०५०. पाच दिवस २०००, दोन दिवस अडीच हजाराच्या आसपास. २००० वर हा माणूस उपाशी राहत नाही. फक्त पाच दिवस १७०० करून दोन दिवस ‘मोकळे’ ठेवू नका. शुक्रवारपर्यंत साठलेली भूक २५०० वर थांबत नाही.

भुकेवरून आठवलं. २०१६ च्या आणखी एका अभ्यासातला अंदाज असा, की वजन एक किलोने उतरलं की खर्च रोज वीस-तीस कॅलरींनी कमी होतो आणि भूक मात्र शंभराच्या आसपास वाढते. त्या लोकांचं वजन थोडंच उतरलं होतं, १२ किलोला सरळ गुणाकार करू नका. पण दोन्हींतलं जड पारडं कोणतं ते दिसतं. सगळे मेटाबॉलिझमकडे डोळे लावून बसतात आणि वजन परत येतं ते भुकेच्या दाराने. म्हणून ते टेपवालींचं भाज्या-प्रथिनं जागच्या जागी ठेवण्याचं मी माझ्या सगळ्या आकड्यांच्या वर ठेवीन.

वजनदार_माणूस
*(चार आठवड्यांनंतर)*
धागा वर काढतोय. २१५० वर सरासऱ्या: ७५.५, ७५.३, ७५.२, ७५.३. टेप ८४ ला होता, ८४ लाच आहे. स्टेप्स परत ८५०० केल्या. तांदूळ कच्चाच तोलतो. व्यायामात दोन महिने अडकलेली वजनं पुढे सरकली. रात्री दहानंतरची भूक अजून आहे, पण आधीसारखी टोचत नाही.

आता इथेच थांबू की वर चढू?

काटेकोर
रेषा ७५.२ लिहून ठेवा. स्टेप्स वाढवूनही वजन उतरलं नाही, म्हणजे २१५० ला जागा फार नाही, किंवा नोंदीत थोडं निसटतंय. १०० वाढवा, तीन आठवडे बघा. सरासरी ७५.८ च्या आत राहिली तर २२५० तुमचं, अजून एक पायरी करून बघता येईल. चढत राहिली तर २१५० वर परत.

लोखंडप्रेमी
बघा, शेवटी आलात ना हळूहळू वाढवण्यावर!

काटेकोर
मेंटेनन्सला पोचल्यावर. तुम्ही म्हणत होतात पोचायच्या आधी.

लोखंडप्रेमी
तीन आठवड्यांनी बोलू. माझी पैज २४०० वर.

वजनदार_माणूस
व्यायामाच्या तीन दिवशीच वाढवलं तर चालेल का? त्या दिवशी भूक जास्त लागते.

टेपवाली
चालेल, मग त्या दिवशी अडीचशेच्या आत. आठवड्याची बेरीज सारखीच येते. आणि सावली२, तपासण्या झाल्या का?

सावली२
झाल्या. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नॉर्मल. डॉक्टरांनी पळणं पूर्ण थांबवायला सांगितलंय आणि खाणं १९०० वर. दोन किलो वाढलं. पाळी अजून नाही. हात मात्र आता गार पडत नाहीत.